पटकथा शिकायची तर सिनेमा शेवटाकडून पाहा

पटकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो तो भरपूर सिनेमे पाहण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. चांगला सिनेमा आपल्याला थांबून विचार करायची उसंतच देत नाही. आपण हसतो, घाबरतो, रडतो आणि बाहेर पडतो. काय घडलं ते लक्षात राहतं, ते कसं घडवून आणलं ते निसटून जातं. म्हणून शंभर सिनेमे पाहिलेल्या माणसालाही स्वतःची पटकथा लिहायला बसल्यावर चाळिसाव्या पानावर काय करावं ते सुचत नाही.

माझं सांगणं साधं आहे. एकच सिनेमा निवडा, नीट बांधलेला, आणि तो तीनदा पाहा. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून, न थांबता. दुसऱ्यांदा वही घेऊन, प्रत्येक सीननंतर थांबवत. तिसऱ्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे जो क्षण अंगावर आला तो पकडायचा आणि त्याची तयारी लेखकाने आधी कुठे करून ठेवली होती ते शोधत मागे जायचं. कसब दिसतं ते या तिसऱ्या पाहण्यात.

निवड मात्र जपून करायला हवी. आपल्याला आवडणारा प्रत्येक सिनेमा अभ्यासाला चालत नाही. कधी सिनेमा नटाच्या करिष्म्यावर उभा असतो, कधी गाण्यांवर, कधी निव्वळ वातावरणावर, आणि त्यातून पटकथेची हाडं वेगळी काढणं नवख्याला जमत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) मला फार मोलाचा वाटतो, पण पहिल्या अभ्यासासाठी तो मी कुणाला सुचवणार नाही. खटला सुरू असतानाच तो सिनेमा वकिलांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातो आणि संपतो तो न्यायालयाला सुट्टी लागल्यानंतर, सहलीला गेलेल्या न्यायाधीशापाशी. त्यातही रचना आहे, पण ती मुद्दाम लपवलेली, नेहमीच्या अपेक्षा मोडणारी. मोडलेला नियम ओळखायचा तर आधी पाळलेला नियम पाहिलेला असावा लागतो.

पहिल्या अभ्यासासाठी असा सिनेमा हवा, ज्यात वेळ मर्यादित आहे, जागा मर्यादित आहे आणि यश-अपयश मोजता येतं. ‘हाय नून’ (1952) असा आहे. गुंड बाराच्या गाडीने येणार, आणि पडद्यावरची घड्याळं जवळजवळ आपल्या घड्याळाच्याच गतीने बाराकडे सरकतात. पण माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात उपयोगी पडतो तो ‘12 अँग्री मेन’ (1957). रेजिनाल्ड रोझ यांनी तो आधी 1954 मध्ये टीव्हीसाठी तासाभराचं नाटक म्हणून लिहिला होता. त्याच सुमारास ते स्वतः एका खटल्यात ज्युरीवर बसले होते, तो अनुभव त्यामागे आहे. पुढे सिडनी ल्यूमेट यांनी त्यावर आपला पहिला चित्रपट केला. लांबी 96 मिनिटं, आणि त्यातली मोजकी मिनिटं सोडली तर सगळं एका खोलीत आणि तिला लागून असलेल्या स्वच्छतागृहात घडतं. पाठलाग नाही, फ्लॅशबॅक नाही, नायिका नाही. बारा माणसं बोलतात, एवढंच. म्हणजे जे काही आपल्याला खिळवून ठेवतं ते बहुतांशी लेखणीतून आलेलं आहे.

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी लेख इथेच बाजूला ठेवून आधी तो पाहावा. पुढे सगळं उघड करावं लागणार आहे.

एका अठरा वर्षांच्या गरीब मुलावर बापाला सुरी भोसकून मारल्याचा आरोप आहे. सुरुवातीलाच न्यायाधीश कंटाळलेल्या आवाजात ज्युरीला नियम सांगतात: निर्णय एकमतानेच व्हायला हवा, आणि मुलगा दोषी ठरला तर त्याला मृत्युदंड अटळ आहे. मुलाचा चेहरा एकदाच जवळून दिसतो आणि बारा जण खोलीत येतात. वहीत पहिली नोंद इथे करायची. पहिल्या काही मिनिटांत लेखकाने आपल्याला खेळाचे नियम शिकवले आणि पणाला काय लागलंय तेही सांगितलं. एकमत हवं, म्हणजे एक जरी माणूस अडला तरी निर्णय अडतो. तिथून पुढे प्रत्येक प्रेक्षक नकळत मतं मोजत राहतो. हात वर करून पहिलं मतदान होतं, अकरा दोषी आणि एक निर्दोष. हा एकटा माणूस पेशाने आर्किटेक्ट आहे. तोही मुलगा निर्दोष आहे असं म्हणत नाही. मला खात्री नाही, आपण यावर थोडं बोलू, एवढंच तो म्हणतो.

नायकाची मागणी किती लहान आहे ते पाहा. कच्च्या पटकथेत हाच माणूस उठून न्यायावर भाषण ठोकेल. रोझ त्याला तासभर चर्चा मागायला लावतात, कारण लहान मागणी नाकारणं कठीण असतं. अकरा जणांना खोलीत थांबवून धरायला तेवढं पुरतं.

आता वहीविषयी. बहुतेकांची वही इथेच फसते, कारण ते गोष्ट उतरवून काढतात. ‘सुरी दाखवली, मग भांडण झालं, मग मतदान झालं.’ अशा नोंदी महिनाभराने वाचल्या तर सारांशापलीकडे हाती काही लागत नाही. प्रत्येक सीनखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत. या सीनमध्ये कोणाला काय हवं होतं? सीन संपताना काय बदललं? तो बदल कशाच्या जोरावर झाला? आणि त्या जोराची तयारी आधी कुठे झाली होती? शेवटचा प्रश्न बऱ्याचदा कोराच ठेवावा लागतो. तो तिसऱ्या पाहण्यात भरायचा. समासात वेळ टाकावी, म्हणजे परत तिथे जाता येतं. ज्या सीनखाली ‘काय बदललं’ याचं उत्तर सापडत नाही तिथे दोनच शक्यता असतात. एक तर सीन कमजोर आहे, नाही तर बदल आपल्याला दिसलेला नाही. या सिनेमात बहुतेक वेळा दुसरी शक्यता खरी निघते.

सुरीचा सीन घेऊन हे करून पाहू. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की खुनात वापरलेली सुरी अगदी वेगळ्या घडणीची आहे, मुलाने ती त्याच दिवशी विकत घेतली होती आणि दुकानदाराने तशी दुसरी कधी पाहिलेली नाही. मुलगा म्हणतो, माझी सुरी खिशाच्या भोकातून पडली. चष्मा लावणारा, शांत, हुशार शेअर दलाल हा मुद्दा पद्धतशीर मांडतो, सुरी मागवून घेतो आणि टेबलात रोवतो. दुसरी अशी सुरी असणं जवळजवळ अशक्य आहे, असा त्याचा सूर. तेव्हा आर्किटेक्ट खिशात हात घालतो आणि हुबेहूब तशीच सुरी पहिलीच्या शेजारी रोवतो. आदल्या रात्री त्या मुलाच्या वस्तीजवळच्या दुकानातून त्याने ती सहा डॉलरला घेतलेली असते.

पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि नवा लेखक वहीत ‘धक्का’ असं लिहून पुढे जातो. थांबून पाहायचं ते हे की धक्का बसण्याआधी लेखकाने ‘अशी सुरी एकच आहे’ हे विधान विरोधकाच्या तोंडून, सावकाश, पुराव्यासकट वदवून घेतलं. आधी भिंत पक्की बांधली नसती तर ती पडताना आवाज झाला नसता. आणि दुसरी गोष्ट माझ्या मते या सिनेमातला सगळ्यात मोठा धडा आहे: सुरीच्या या नाट्यमय क्षणानंतर एकाचंही मत बदलत नाही. सगळे ओरडतात, चिडतात आणि आपापल्या जागी ठाम राहतात. मग तो एकटा माणूस स्वतःहून डाव लावतो. पुन्हा मतदान घ्या, या वेळी चिठ्ठ्यांनी. मी मत देणार नाही. अकराही चिठ्ठ्या दोषी म्हणाल्या तर मी तुमच्याबरोबर. एकही निर्दोष निघाली तर आपण इथेच बसून बोलायचं.

नायकाला कोणी कोपऱ्यात ढकललेलं नाही, तो स्वतः सगळं पणाला लावतो. एकेक चिठ्ठी उघडली जाते. दोषी, दोषी, दोषी. आणि मग एक ‘निर्दोष’ निघते.

चिठ्ठी कोणाची? मुलाबापाच्या नात्याने दुखावलेला, तापट असा एक सदस्य आहे. तो सरळ झोपडपट्टीत वाढलेल्या तरुण सदस्यावर तुटून पडतो, कारण त्याच्या मते असल्या मुलाबद्दल कळवळा दुसऱ्या कोणाला येणार? पण चिठ्ठी असते ती शेजारच्या वृद्ध सदस्याची. हा चुकीचा आरोप सहज घातलेला नाही. त्यातून तापट माणसाचा पूर्वग्रह दिसला, तरुणाच्या मनात सल राहिला, आणि पुढे त्या तरुणाचं मत फिरतं तेव्हा ते आपल्याला पटतं. वृद्ध सदस्याचं कारणही पाहण्यासारखं आहे. मुलगा निर्दोष आहे असं त्यालाही वाटत नाही. एक माणूस अकरा जणांसमोर एकटा उभा राहिला, त्याला साथ द्यावी आणि आणखी ऐकावं, एवढंच त्याचं म्हणणं.

आकडा आता दहा-दोन. पुढे तो असा सरकतो: नऊ-तीन, आठ-चार, सहा-सहा, मग पारडं फिरून तीन-नऊ, मध्येच एक पाऊल मागे चार-आठ, मग एक-अकरा आणि शेवटी शून्य-बारा. एखाद्या नवशिक्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, अहो, एकच गोष्ट अकरा वेळा घडते, म्हणजे एकाचं मत बदलतं, दुसऱ्याचं बदलतं. कंटाळा येणार नाही का? येत नाही, कारण कोणाचंही मत दुसऱ्यासारख्या कारणाने बदलत नाही. दुसऱ्या पाहणीत वहीचं एक पान फक्त या बदलांसाठी ठेवावं. वृद्ध सदस्य धैर्याचा मान राखून बदलतो. तरुण बदलतो तो पुरावा तपासल्यावर. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या साक्षीदाराने ‘तुला मारून टाकीन’ ही ओरड आणि लगेच देह पडल्याचा आवाज ऐकला म्हणतात. पण समोरच्या बाईने तो खून धावत्या गाडीच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून पाहिला असेल, तर त्याआधी गाडी खिडकीशेजारून धडधडत होती. त्या आवाजात ओरड ऐकू येईल कशी? बाहेरच्या देशातून आलेला घड्याळजी बदलतो तो स्वतःच्याच प्रश्नामुळे: खून करून पळालेला मुलगा तीन तासांनी परत घरी का येईल? बेसबॉलची तिकिटं खिशात घेऊन बसलेला विक्रेता बदलतो तो कंटाळून, लवकर सुटावं म्हणून. आणि त्याच्या या बदलावर तोच घड्याळजी भडकतो. वास्तविक आता दोघांचं मत एक आहे! ज्या बाजूला आपण जिंकावं असं वाटतं, त्याच बाजूला चुकीच्या कारणाने आलेलं मत लेखकाने ठेवलं आणि त्याला जाब विचारायला लावला. त्यामुळे सिनेमा आकड्यांच्या खेळावर थांबत नाही. जाहिरात कंपनीतला माणूस तर इकडे येतो, परत तिकडे जातो, पुन्हा इकडे येतो. तीन-नऊवरून चार-आठवर घसरणारं ते पाऊल त्याचं.

ही घसरण नसती तर काय झालं असतं याचा विचार जरूर करावा. सहा-सहानंतर उतार लागतो, शेवट काय होणार ते सगळ्यांना कळलेलं असतं. तिथे लेखकाने सगळ्यात भक्कम पुरावा बाहेर काढला, तो म्हणजे समोरच्या बाईची साक्ष. ती शेअर दलालाने तोवर राखून ठेवल्यासारखी होती. अर्ध्या सिनेमात सगळे पुरावे एकाच वेगाने ढासळू द्यायचे नाहीत, सगळ्यात मजबूत तो शेवटी ठेवायचा, हे वाक्य मी प्रत्येक नव्या लेखकाच्या वहीत वाचू इच्छितो.

तिसरं पाहणं इथून सुरू होतं. बाईची साक्ष कोसळते ती चष्म्यामुळे. शेअर दलाल डोळ्यांना त्रास होतो म्हणून चष्मा काढून नाकाच्या दोन्ही बाजू चोळतो. वृद्ध सदस्याच्या ते लक्षात येतं, आणि त्याला आठवतं की त्या बाईच्या नाकावरही तसेच खोल वळ होते. चष्मा न घालता ती कोर्टात आली होती. रात्री अंथरुणात कूस बदलताना कोणी चष्मा घालून झोपत नाही. मग साठ फुटांवरचा खुनी तिने ओळखला कसा?

आता मागे जाऊ. बाईच्या नाकावरचे वळ आपल्याला आधी दिसले का? नाहीत. दिसूच शकत नाहीत, कारण साक्षीदार पडद्यावर कधी येतच नाहीत. मग हा शेवटच्या क्षणी टोपीतून काढलेला ससा का वाटत नाही? आणखी मागे गेल्यावर उत्तर सापडतं. बऱ्याच आधी याच वृद्ध सदस्याने म्हाताऱ्या साक्षीदाराचं वर्णन केलेलं असतं. त्याचा कोट काखेखाली उसवलेला होता, तो एक पाय ओढत चालत होता आणि लाजेने ते लपवत होता. तेव्हा आपल्याला वाटतं, हा एका दुर्लक्षित माणसाविषयी दुसऱ्या दुर्लक्षित माणसाचा कळवळा आहे. तो तसा आहेच. पण त्याच वेळी लेखकाने आपल्या मनात एक गोष्ट पेरली: या माणसाची नजर बारीक आहे, बाकीच्यांना न दिसणारं त्याला दिसतं. रोझ यांना वळ पेरता येत नव्हते, म्हणून त्यांनी वळ पाहणारी नजर पेरली. ज्यांच्या गोष्टीत महत्त्वाची माहिती आधी दाखवणं शक्य नसतं, त्यांनी ही युक्ती जपून ठेवावी.

तेच वर्णन आणखी एक काम करतं. ओढत चालणारा पाय पुढच्या प्रयोगाला लागतो. साक्षीदार पंधरा सेकंदांत अंथरुणातून दारापर्यंत पोचल्याचं सांगतो. आर्किटेक्ट तेवढं अंतर आखून पाय ओढत चालून दाखवतो, घड्याळ लावलं जातं, आणि 41 सेकंद निघतात. एका वाक्यातून करुणा, स्वभाव आणि पुरावा अशी तीन कामं होतात. मी हे वाक्य ज्यांना ज्यांना दाखवलं, त्यांनी आपल्या पटकथेतली नुसतं एकच काम करणारी वाक्यं शोधून काढली.

लहान पेरण्या तर जागोजागी आहेत. उकाड्याने सगळे घामाघूम झालेले असताना शेअर दलालाला कोणी तरी विचारतं, तुम्हाला घाम येत नाही का? नाही येत, असं तो सांगतो. आरोपी मुलगा त्या रात्री सिनेमाला गेलो होतो म्हणतो, पण सिनेमाचं नाव त्याला सांगता येत नाही, आणि याच मुद्द्यावर दलाल अडून बसलेला असतो. आर्किटेक्ट त्याला त्याच्या स्वतःच्या गेल्या काही संध्याकाळींबद्दल विचारत मागे मागे नेतो. एका सिनेमाचं नाव तो चुकवतो, नट आठवत नाहीत, आणि त्याच्या कपाळावर घाम येतो. एकही शब्द न बोलता आपल्याला कळतं की याचा तर्क हलला. तरीही तो मत बदलत नाही, कारण तो घामाने बदलणाऱ्यांतला नाही, त्याला पुरावा लागतो. माणूस स्वभावाशी कसा प्रामाणिक ठेवावा ते इथे शिकावं.

आणि तापट बाप. तो सुरुवातीलाच पाकिटातून मुलाचा फोटो काढून दाखवतो आणि सांगतो की मुलगा भांडून निघून गेला, दोन वर्षांत भेट नाही. त्या वेळी हे गप्पांतलं बोलणं वाटतं. सिनेमाच्या शेवटी अकरा जणांसमोर एकटा उभा राहून तो ओरडत असतो, पाकीट टेबलावर आदळतो, फोटो बाहेर पडतो. तो फोटो फाडतो आणि मोडून पडतो. त्याला कोणी युक्तिवादाने हरवलेलं नाही. इतका वेळ तो त्या मुलाला नाही, स्वतःच्या मुलाला शिक्षा देत होता. आता मागे जाऊन पाहा की त्याच्या प्रत्येक आक्रस्ताळ्या वाक्यात ‘ही आजकालची पोरं’ किती वेळा येतात. आणि तिथल्या एका क्षणाशी थांबा: आर्किटेक्ट त्याला डिवचतो तेव्हा तो ‘याला मारून टाकीन’ म्हणत अंगावर धावतो. काही वेळापूर्वीच वाद झालेला असतो की माणूस हे शब्द खरंच मारायचं असेल तरच उच्चारतो. विरोधकाने स्वतःच्याच तोंडाने नायकाचा मुद्दा सिद्ध केला. युक्तिवाद संवादातून न जिंकता कृतीतून जिंकावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

वहीत काय लिहू नये, तेही सांगायला हवं. ल्यूमेट यांनी ‘मेकिंग मूव्हीज’ या पुस्तकात सांगितलंय की पहिला तृतीयांश भाग त्यांनी डोळ्यांच्या पातळीच्या वरून चित्रित केला, मधला डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटचा खालून, म्हणजे हळूहळू छत दिसू लागेल. लेन्सही बदलत नेल्या, त्यामुळे भिंती जवळ येत असल्यासारख्या वाटतात. खोली गुदमरवते ती बरीचशी यामुळे. हे अफाट काम आहे, पण ते दिग्दर्शक आणि छायाचित्रकार बोरिस कॉफमन यांचं. ते वेगळ्या पानावर लिहावं. लेखकाचं काय हे ओळखायची एक कसोटी आहे: हा क्षण कागदावर वाचला तर राहतो का? फोटो फाडणं राहतं, घाम राहतो, बंद पडलेला पंखा राहतो. खालून लावलेला कॅमेरा राहत नाही. रोझ यांची नाट्यसंहिता इंग्रजीत सहज मिळते. सिनेमा पाहून झाल्यावर ती वाचली तर नटांनी किती भरलं तेही कळतं.

बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ (1986) आपल्या वाचकांना याच कामासाठी वापरता येईल. पंकज कपूर, अन्नू कपूर, के. के. रैना अशी नाटकात मुरलेली मंडळी त्यात आहेत. भारतात तोवर ज्युरीचे फौजदारी खटले राहिलेच नव्हते. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरीला जागा ठेवली नाही. म्हणजे गोष्टीचा पायाच इथल्या वास्तवात नव्हता, तरीही तो सिनेमा खिळवून ठेवतो. दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिले की जे न बदलता आलं ते पटकथेचं हाड आणि जे बदललं ते मांस, असं सरळ वेगळं काढता येतं. भाषेची अडचण असेल त्यांनी हिंदीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

अभ्यास म्हणजे भक्ती नव्हे. या पटकथेत त्रुटी आहेत आणि त्याही नोंदवाव्यात. आर्किटेक्टला जवळजवळ एकही दोष नाही. तो बदलत नाही, बाकीचे बदलतात. एकदाच, स्वच्छतागृहात, रंगकाम करणारा साधा सदस्य त्याला विचारतो: तुम्ही आम्हा सगळ्यांना पटवलंत आणि त्या पोराने खरंच बापाला मारलेलं असलं तर? हा या सिनेमातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि मला नेहमी वाटतं की लेखकाने तो तिथेच सोडायला नको होता. शिवाय ज्युरीच्या सदस्याने स्वतः बाहेर जाऊन सुरी विकत आणून दाखवणं खऱ्या न्यायालयात चालत नाही. निर्णय केवळ न्यायालयात मांडलेल्या पुराव्यावर व्हायचा असतो. लेखकाने हे नाट्यासाठी स्वीकारलं. आपणही कधी असं काही स्वीकारतो, तेव्हा ते जाणून केलेलं असावं.

एका खोलीतला सिनेमा सगळं शिकवत नाही, हेही खरं. वर्षं कशी उलटवायची, जागा कशा जोडायच्या, दृश्यातून एकटेपणा कसा सांगायचा, यातलं काही इथे मिळणार नाही. आणि या अभ्यासानंतर जवळजवळ प्रत्येक नवा लेखक आधी खोलीत अडकलेल्या माणसांची गोष्ट लिहायला घेतो. उचलायची ती खोली नव्हे. पुढच्या दृश्याची तयारी किती आधी आणि किती नकळत करावी, ते उचलायचं.

वही खरंच भरली की नुसती काळी झाली, ते तपासायचा एक खात्रीचा मार्ग आहे. आठवडाभराने वहीतला एक सीन घ्या, सिनेमा न पाहता फक्त नोंदींवरून तो पटकथेसारखा लिहून काढा आणि मग मूळ सीन लावा. तुमचा सीन लांबलेला असेल, बहुतेक वेळा दुप्पट. त्यात लोक एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत असतील. मूळ सीन उशिरा सुरू होऊन लवकर संपलेला दिसेल. हा फरक लाल शाईने लिहून ठेवा. दुसरी तपासणी अशी की एखादा सीन मनातल्या मनात काढून टाका आणि पुढे काय काय कोसळतं ते लिहा. घामाविषयीचा तो क्षणभराचा प्रश्न काढला तर काय पडतं, ते आता तुम्हाला सांगता येईल.

एक सिनेमा असा पुरा झाला की दुसरा वेगळ्या जातीचा घ्यावा. मी निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ (2015) सुचवीन, किंवा जमलं तर जीतू जोसेफ यांचा त्याचा मूळ मल्याळम चित्रपट (2013). हिंदीत गोव्यातला, जेमतेम शिकलेला एक केबलवाला रात्र रात्र सिनेमे पाहून जे शिकतो तेच वापरून पोलिसांना झुलवतो. इथे खोली नाही, मतांचा आकडा नाही, तारखा आणि जागा आहेत. शेवटच्या मिनिटांत एका जागेचं गुपित उघडतं. पहिल्यांदा सिनेमा सलग पाहून घ्या, मग त्या शेवटच्या मिनिटांपासून मागे निघा आणि ती जागा आधी कधी कधी, कोणत्या निमित्ताने पडद्यावर येऊन गेली ते वेळेसकट वहीत लिहून काढा.